भागू म्हणे

खालापूरच्या अलीकडे आमचं गाव. तिथे आबासाहेबांच्या घरी रामनवमीला अजून रामजन्म होतो आणि अजून तोच पाळणा म्हणतात. शेवटच्या कडव्यात 'आबा म्हणे' असं येतं. पाहुणे मान डोलावतात, एखादा विचारतो, "आबासाहेब, काव्यही करता वाटतं?" आणि आबासाहेब खाली बघून हसतात. नाही म्हणत नाहीत. माझा संताप त्या हसण्यावर आहे. आबासाहेबांनी आयुष्यात एक ओळ रचलेली नाही. त्यांना टाळीसुद्धा ठेक्यात वाजवता येत नाही, हे मी त्यांच्याच ओटीवर बसून पाहिलं आहे.

तो पाळणा भागूमावशीचा. ती जातीची कासारीण. आमच्या घराण्यात बी.ए. झालेली मी पहिली, आणि हे मी लपवत नाही. माझे वडील कर्जत स्टेशनात सांधेवाले होते आणि आई भाताची लावणी करणारी. चार बुकं शिकल्याचा मला काही उपयोग असेल, तर जे गावात सगळ्या बायांना ठाऊक आहे आणि कोणी मोठ्यानं बोलत नाही, ते लिहून ठेवण्यापुरता तरी असावा.

भागूमावशी उंच, हाडापेरानं मोठी, आणि स्वभावानं ताठ. कर्जत, चौक, खोपोली असा तिचा फेरा. पाठीवर बांगड्यांची पेटी, दोन्ही खांद्यांवर दोरीत ओवलेल्या बांगड्यांच्या माळा. ती वळणावर यायच्या आधी तिचा आवाज यायचा. नवरा लवकर गेलेला, मूल झालं नाही. गावभर हिरवे चुडे भरणाऱ्या या बाईचे स्वतःचे हात मोकळे. कुणी त्यावर हळहळलं की तिला राग यायचा. "माझ्या हाताकडं नको बगू, तुझा ढिला सोड," म्हणायची.

हात ढिला सोडवणं हेच तिच्या धंद्याचं मर्म. बाईनं मूठ आवळली की बांगडी फुटते. म्हणून मावशी बांगडी चढवताना गुणगुणायची. गाण्यात लक्ष गेलं की हात आपोआप सैल पडतो. नव्या नवरीला ती हसवायची नाही, दटावायचीही नाही, नुसती एक ओळ म्हणायची आणि विचारायची, "फुडं काय येईल सांग." पोर विचारात पडली की चुडा भरून झालेला असायचा.

गुण जितके, तितकी खोडही. तिला स्वतःच्या गाण्याचा भयंकर अभिमान होता. दुसऱ्या कुणाचा पाळणा कानावर आला की नाक मुरडायची. चौक गावात एका घरी कृष्णजन्माचा पाळणा ऐकून आली आणि आमच्या पडवीत बसून आईला म्हणाली, "तिसऱ्या दिशी देवकीला देवळात धाडलीया. बाळंतीण बाई देवळात कशी जाईल गं? घरात सुयेर, दहा दिस देवाला शिवता येत नाय. राणी असली म्हून काय इटाळ चुकला व्हय तिला? रचणाऱ्यानं कदी बाळंतीण बगितली नसंल."

आई म्हणाली, "गाणं हाय ते भागू, जाऊ दे की."

"गाणं हाय म्हूनच नाय जाऊ देत."

पाळणा हा बारा दिवसांचा असतो. पहिल्या दिवसापासून बारशापर्यंत एकेका दिवसाचं एकेक कडवं, आणि त्या दिवशी बाळंतिणीच्या घरात जे घडायचं तेच त्यात यायचं: शेक, धुरी, पाचवीची पूजा, सहाव्या रात्री सटवाई, दहाव्या दिवशी न्हाणं, मग शुद्धी, बाराव्याला नाव. देवाचं बाळ झालं म्हणून क्रम मोडत नाही. उलट मावशी म्हणायची, देवाला बाळ म्हणून पाळण्यात घातला की त्याला बाळाचेच नियम.

हे झालं आतल्या मजकुराचं. तिची खरी कारागिरी पुढे होती. ती बसून, विचार करून रचत नसे. आमच्या पडवीच्या आढ्याला दोर टाकायची, त्याला रिकामी टोपली बांधायची आणि दुसरी एक दोरी टोपलीला लावून ओढत बसायची. टोपली जायची, यायची. जाताना ओळीचा अर्धा तुकडा, येताना अर्धा. झोका टोकाला जाऊन क्षणभर थांबतो, तिथं शब्द संपला पाहिजे. शब्द लांबला तर हात अडतो, आखूड पडला तर तोंड उघडं राहतं. मी कॉलेजात छंदांचे गण शिकत होते, ते तिला सांगायला गेले, तर तिनं दोरी माझ्या हातात दिली. "म्हन आता," म्हणाली. मी म्हटलं. टोपली परत आली तरी माझा शब्द चालूच. ती हसली नाही. "तुजं बरोबर असंल बाय, पन पाळण्याला ते म्हाईत नाय."

आणि प्रत्येक पाळणा वेगळा असतो, हेही तिच्याकडूनच कळलं. आबासाहेबांच्या घरचा पाळणा उंच तुळईच्या कड्यांना पितळी साखळ्यांनी टांगलेला. साखळी लांब, म्हणून झोका संथ. तिथल्या गाण्याला आलाप पुरतो. गरिबाघरची लुगड्याची झोळी बुटक्या छपराला बांधलेली. दोर आखूड, झोका लगबगीचा. रचायला घ्यायच्या आधी ती यजमानाच्या घरी जाऊन एकदा रिकामा पाळणा हलवून बघायची आणि डोळे मिटून ऐकायची. आबासाहेबांकडे मात्र तो दुसरीनं हलवायचा आणि तिनं भिंतीशी बसून ऐकायचं. दोरीला हात लावायचा मान सवाष्णींचा. रामजन्माच्या दिवशी तर ती माजघराच्या उंबऱ्याच्या आतही येत नसे. मागच्या पडवीत बसायची, आणि तिचंच गाणं तिला दाराआडून ऐकू यायचं.

म्हणून पाळण्यातलं ते नाव तिला मोलाचं. पाळण्याच्या शेवटच्या कडव्यात रचणारा आपलं नाव घालतो. आईबापांनी ठेवलेलं तिचं नाव भागीरथी. ते झोक्यात बसेना, म्हणून तिनं स्वतःच ते तोडून दोन अक्षरांचं केलं. "कंच्याबी पाळण्यात मावतं," म्हणायची. दोरी नाही, उंबरा नाही, प्रसादाचा सुंठवडासुद्धा सगळ्यांच्या मागून. पण बारा वाजता, गुलाल उडाल्यावर, सगळ्या सवाष्णी पाळण्याला हात लावून उभ्या असताना त्यांच्या तोंडून तिचं नाव त्या पाळण्यापाशी जायचं. तिला एवढंच हवं होतं. जास्त तिनं कधी मागितलं नाही, आणि हे एवढं मात्र तिला हक्कानं हवं असायचं.

त्या घरी ती दरसाल नवा पाळणा करून देई. एका वर्षी सटवाईच्या कडव्यावरून आबासाहेबांशी खडाजंगी झाली. कडवं असं होतं:

सहाव्या राती । सटवाई आली
कपाळी काही । लिहून गेली
आईनं दिव्याची । वात मंद केली
जो जो रे रामा । जो जो

आबासाहेब ओटीवरून म्हणाले, "कासारणी, आनंदाचा दिवस. त्यात वनवास कशाला आणलास?"

"मी कुटं आनला? वनवासाचं नाव तरी हाय का त्यात?"

"सूचना आहे ना."

"ती सटवाईनं केली. तिला इचारा." आणि मग जरा खालच्या आवाजात, पण सगळ्यांना ऐकू जाईल अशी, "कौसल्येनं वाचलं न्हाय, तुमी कशाला वाचताय?"

कडवं राहिलं, आणि पुढच्या पाळण्यांतही तिनं तेच ठेवलं. पण मला वाटतं, आबासाहेबांनी ते मनात ठेवलं.

मी कॉलेजात दुसऱ्या वर्षाला होते तेव्हाची पुढची गोष्ट. आबासाहेबांचा मुलगा खोपोलीला वीजघरात चांगल्या जागेवर लागला होता. त्या वर्षीच्या रामजन्माला त्याचे वरिष्ठ सहकुटुंब यायचे होते. ओटीला रंग दिला, शहरातून कीर्तनकारबुवा बोलावले. मावशीनं त्या साली केलेला पाळणा तिच्या सगळ्या पाळण्यांत उजवा होता, असं माझं मत आहे, आणि आज तो सगळीकडे म्हटला जातो यावरून ते खोटं नसावं. आठव्या दिवसाचं कडवं ऐका:

आठव्या दिवशी । रानच्या बाया
मध घेऊनी । आल्या भेटाया
कौसल्या म्हणे । आत या, आत या
जो जो रे रामा । जो जो

आमच्या डोंगरातल्या ठाकरवाडीच्या बाया मध आणि करवंदं घेऊन आबासाहेबांच्या परसात येत, आणि परसातूनच परत जात. तालमीत हे कडवं आलं तेव्हा आबासाहेबांच्या पत्नी, आम्ही त्यांना वहिनी म्हणायचो, परसाच्या दाराकडे बघू लागल्या. मग म्हणाल्या, "गोड आहे हो भागूबाई." वहिनींचा आवाज सुरेल, दरसाल पुढची म्हणणारी त्याच. बाई वाईट नव्हती. नवऱ्यापुढे तिचं चालत नव्हतं, इतकंच.

आणि शेवटचं कडवं:

बाराव्या दिवशी । नाव ठेविलं
घरदार सारं । गोळा जाहलं
भागू म्हणे माझं । बाळ निजलं
जो जो रे रामा । जो जो

नवमीच्या आदल्या दिवशी बुवा आले. संध्याकाळी ओटीवर वहिनींनी त्यांना पाळणा ऐकवला. मी आणि आई पत्रावळी द्यायला गेलो होतो, म्हणून आमच्या समोर झालं. शेवटचं कडवं संपलं तसं बुवांनी विचारलं, "ही भागू कोण?"

वहिनींनी सांगितलं.

बुवा आबासाहेबांकडे बघत म्हणाले, "विधवेचं नाव, रामाच्या पाळण्यात, आणि वर 'माझं बाळ'. आता तुमची इच्छा. मी आपलं सांगायचं काम केलं."

आबासाहेब म्हणाले, "मग बदला. पाहुणे यायचे आहेत."

बुवांनी तिथल्या तिथे बदललं. 'भागू म्हणे माझं' काढलं आणि 'आबासाहेबांच्या घरी' घातलं. दोघांनाही ते फार शोभिवंत वाटलं. बाकीचा पाळणा, अगदी सटवाईसकट, तसाच ठेवला. म्हणजे बाई अपशकुनी, पण बाईच्या अकरा कडव्यांना आणि बाराव्यातल्या उरलेल्या ओळींना काही दोष नाही. हा कुठल्या शास्त्रातला न्याय, हे मला पदवी मिळाल्यावरही उलगडलेलं नाही.

आईनं वाटेत सरळ मावशीचं घर गाठलं आणि सांगून टाकलं. मावशी बांगड्या निवडत होती. तिनं मान वर केली नाही.

"काय घातलं म्हनालीस?"

आईनं सांगितलं. मावशीनं ओठांतल्या ओठांत ते एकदा म्हणून पाहिलं. तिचा हात हवेत दोरी ओढल्यासारखा हलला आणि मध्येच थांबला.

"न्हाय बसत," ती म्हणाली. "त्यांना सांग, बसत न्हाय." डोळ्यांत पाणी होतं, पण आवाज कारागिराचा होता. आईनं जाऊन सांगितलं. आबासाहेब म्हणाले, तिला पोटदुखी झाली आहे.

दुसऱ्या दिवशी माजघर फुलून गेलं. बुवांचं कीर्तन बारापर्यंत बरोबर जन्मापाशी आलं, गुलाल उडाला, कुंची घातलेली रामाची मूर्ती पाळण्यात ठेवली. दोन बाजूंना दोन दोऱ्या: एक वहिनींच्या हातात, दुसरी पाहुण्या बाईंच्या, आणि दोघींच्या मागे सवाष्णींच्या रांगा. वहिनींच्या बाजूनं ओळीचा पहिला तुकडा, समोरच्या बाजूनं दुसरा. एकीनं ओढायचं, दुसरीनं सोडायचं. अकरा कडवी लोण्यासारखी गेली. 'आत या, आत या' म्हणताना तर बाया हसत होत्या. मागच्या पडवीत मावशी पेटीवर बसलेली मला दारातून दिसत होती. तिचा हात मांडीवर ठेका धरून होता.

शेवटचं कडवं आलं. वहिनी 'आबासाहेबांच्या' इथवर पोचल्या आणि झोका टोकाला जाऊन परत फिरला. 'घरी' अजून तोंडातच. समोरच्या बायांनी सवयीनं 'बाळ निजलं' उचललं आणि पाहुण्या बाईंनी दोरी ओढली. इकडून वहिनींनी शब्द पुरा करायला ओढली. दोन्हीकडून एकदम हिसका बसला, पाळणा आडवा फिरला, कड खांबावर आपटली आणि मूर्ती कुंचीतून घरंगळून कडेशी येऊन अडकली. कुणीतरी किंचाळलं. पाहुण्या बाईंनी दोरी सोडून दिली.

अशा वेळी आबासाहेबांनी काय म्हणावं? ते मागच्या दाराकडे बोट करून म्हणाले, "पांढऱ्या कपाळाचं गाणं. दुसरं काय होणार."

मला ते बोट अजून दिसतं. नाव काढलं यांनी, ओळ मोडली यांनी, आणि पाळणा आपटला तो तिच्या कपाळामुळे.

मावशी उठली. रामजन्माच्या दिवशी पहिल्यांदाच ती त्या दारात येऊन उभी राहिली, उंबऱ्याला पाय न लावता. म्हणाली, "आबा, माजं नाव दोन अक्षरांचं व्हतं. तुमचं पाळण्यात मावलं न्हाय. यात माजं कपाळ कुटं आलं?"

"बाहेर हो आधी."

"भाईरच हाय मी. गाणं बी भाईर द्या माजं."

आबासाहेब म्हणाले, "रामासाठी केलंस, रामाच्या घरात राहील." बुवांनी मान डोलावली. वहिनी मूर्ती पदरानं पुसत होत्या. त्यांनी वर पाहिलंच नाही. मावशीनं पेटी पाठीवर घेतली आणि परसातून निघून गेली. सुंठवडाही घेतला नाही.

मला वाटलं होतं, आता तो पाळणा त्या घरात बंद होईल. मी पुस्तकांतून शिकलेली, म्हणून मला तसं वाटलं. पुढच्या वर्षी बुवांनी चूक सुधारली. मावशीची ओळ घेतली आणि 'भागू'च्या जागी नुसतं 'आबा' ठेवलं. दोन अक्षरं. चपखल बसलं. दोर कुठे अडला नाही, मूर्ती हलली नाही. नाव चोरायचं तेही तिच्याच मापानं चोरलं, आणि 'आबा म्हणे माझं बाळ निजलं' हे म्हणताना कुणाला हसू आलं नाही.

मावशी त्या घराची पायरी पुन्हा चढली नाही. पण तिनं आणखी एक केलं, आणि ते कुणाला न सांगता. बांगड्या भरताना ती आता दुसरं काही गुणगुणेना. हाच पाळणा. चौकात, खोपोलीत, कर्जतच्या पेठेत, ठाकरवाडीत, जिथे म्हणून मनगट समोर आलं तिथे एकेक कडवं सोडून आली. आखूड झोळीवाल्यांना जरा लगबगीत म्हणायला शिकवलं. शेवटचं कडवं आलं की थांबायची. "फुडं काय येईल सांग." आणि बाईनं 'भागू म्हणे' म्हटल्याशिवाय शेवटची बांगडी चढवायची नाही. मी एकदा म्हटलं, "मावशी, आबांना चारचौघांत जाब विचारू या. मी लिहिते कुठंतरी." तर म्हणाली, "तू लिव. ज्याला वाचता येतं तो वाचंल. माजं गिऱ्हाईक येगळं हाय."

तिला मी शेवटची पाहिली ती माझी पदवी झाली त्याच्या पुढच्या रामनवमीला. आबासाहेबांनी मला बोलावणं धाडलं होतं, पाहुण्यांसमोर नारळ देणार होते. आई गेली, मी त्या दारापर्यंत गेले आणि पाय पुढे टाकवेना. परत फिरले तर समोर, रस्त्यापलीकडच्या आंब्याखाली मावशी. पेटी शेजारी, पाय पसरलेले. एवढ्यातच म्हातारी दिसू लागली होती. माळा आता एकाच खांद्यावर.

"आत जा की बाय. शिकलीस, मान देत्यात."

"नको मला त्यांचा मान."

"मग बस हितं. सावली बरी हाय." मी बसले. आत गुलालाचा गलका झाला, मग पाळणा सुरू झाला.  पहिल्या कडव्याला मावशीनं दोन बोटं पेटीवर टेकवली आणि तिथून ती बोटं हलत राहिली. सटवाई आली, रानच्या बाया आल्या. कुठे वहिनींचा आवाज चढला की ती भुवई उचलायची, एवढंच. शेवटचं कडवं जवळ येत होतं.

बारावं आलं. वहिनींचा गोड, दबलेला आवाज: आबा म्हणे. आणि त्याच्या खाली, त्याच झोक्यावर, त्याच मापात, कितीतरी बायांचा जाड, गुळमुळीत आवाज, ज्यात ती दोन अक्षरं कुठली हे ओटीवरच्या पाहुण्यांना काही कळलं नसतं. आम्हाला कळलं.

मावशीनं मान तिरकी केली आणि शेवटचा जो जो संपेपर्यंत तशीच ठेवली. मग पेटीचा पट्टा ओढून उभी राहिली.

"तुज्या आईचा आवाज लई भसाडा हाय गं," ती म्हणाली. "पन 'भागू' सपष्ट म्हनती."

आणि ती चौकाच्या रस्त्याला लागली.